खाडा, उचल आणि एक कागद

तालुक्याच्या गावातलं किराणा दुकान. इतकी वर्षं नवरा-बायकोनंच सांभाळलेलं, आता पहिला माणूस ठेवायचा आहे. ओळखीतला मुलगा येतो, पगार तोंडी ठरतो: महिना १५,६०० रुपये, रविवारी सुट्टी. आकडा ठरवण्याआधी आपल्या परिमंडळाचं किमान वेतन पाहून घ्यायला हवं, कारण त्यातला महागाईचा भाग दर सहा महिन्यांनी बदलतो. पण वाद बहुतेक वेळा पगाराच्या आकड्यावरून होत नाही. तो होतो खाड्यावरून.

समजा, पहिल्याच महिन्यात मुलाचे दोन खाडे झाले. मालक २६ ने भागून दिवसाचे ६०० धरतो आणि १,२०० कापतो. मुलाच्या हिशेबात महिना ३० दिवसांचा, म्हणजे दिवसाचे ५२० आणि कपात १,०४०. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नसतं. भागायचं कशानं, हे आधी ठरलेलंच नसतं. मला २६ बरा वाटतो, कारण सुट्टीचे रविवार सोडले की कामाचे दिवस साधारण तेवढेच उरतात. मात्र रविवारी दुकानात बोलावलं तर त्या दिवसाचा हिशेबही त्याच दरानं व्हायला हवा. खाड्याला २६ आणि जादा दिवसाला ३० धरणं ही सरळ लूट आहे.

म्हणून नेमणूकपत्रात हे वाक्य हवंच. बाकी मजकूर एका पानात मावतो: नाव, रुजू तारीख, काम, वेळ, सुट्टीचा वार, पगार, सोडताना किती दिवस आधी सांगायचं. पगाराची तारीख पुढच्या महिन्याच्या सातच्या आतली असावी. दोन प्रती काढून दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत त्याला द्यावी. वयाचा पुरावाही त्याच दिवशी पाहावा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही.

दुसरा गुंता उचलीचा. सणाला त्यानं ३,००० घेतले, तर ते गल्ल्यातून काढून ‘लक्षात राहील’ म्हणू नये. वहीत तारीख, रक्कम, त्याची सही आणि हप्ता लिहावा. हप्ता १,००० ठरला असेल तर २६ च्या हिशेबानं त्या महिन्याचा पगार असा होतो: १५,६०० मधून खाड्याचे १,२०० गेले, उरले १४,४००, हप्ता वजा जाता हातात १३,४००. उचल बाकी २,०००. एवढं पगारपत्रकात लिहून सही घेतली की महिना मिटला. पगार बँकेत टाकला तरी ही ओळ लिहावीच, कारण बँकेत नुसती रक्कम दिसते, कपातीचं कारण दिसत नाही.

हजेरी मात्र रोजच्या रोज भरायची. महिनाअखेरीला एकाच शाईत, एका दमात भरलेलं पान पाहणाऱ्याला लगेच कळतं. आणि तेलाचा डबा सांडला म्हणून परस्पर पैसे कापू नयेत. नुकसान त्याच्या हलगर्जीनं झालं का, हे आधी त्याला विचारावं आणि त्याचं म्हणणं वहीत उतरवावं.