ट्रॅक्टरच्या डायरीतली उधारी आणि इंजिनिअर पोराचं शनिवार-रविवारचं काम

गावोगावी आता एखादं तरी पोरगं पुण्यात, बंगळुरूत सॉफ्टवेअरच्या नोकरीला असतं. "पगाराशिवाय वरकड काही करता येईल का?" हा विचार अशा पोरांच्या डोक्यात असतोच. बहुतेक जण त्यासाठी मोठ्या ॲपची स्वप्नं बघतात. पण कोडिंग येणाऱ्याला लहान, पैसे देऊन विकत घेतली जाईल अशी वस्तू बनवायची असेल तर ती घरच्या शेडमध्येच सापडू शकते. उदाहरणार्थ, भाड्याने चालणाऱ्या ट्रॅक्टरची डायरी.

ट्रॅक्टरवाल्याचा धंदा कसा चालतो हे वाचकांना वेगळं सांगायला नको. रोटाव्हेटर, नांगरट, पेरणी एकरावर आणि ट्रॉली खेपेवर. पैसे लगेच कमीच मिळतात. "सोयाबीन विकलं की देतो," असं म्हणून काम होतं आणि नोंद डायरीत जाते. कधी डायरी ट्रॅक्टरवर भिजते, कधी ड्रायव्हर नोंद करायला विसरतो. सहा महिन्यांनी पैसे मागायला गेलं की समोरचा म्हणतो, "एवढं रान नव्हतं माझं." इथे वाद होतो, नाहीतर ट्रॅक्टरवाला पैसे सोडून देतो. ज्या दिवशी काम झालं त्याच दिवशी त्या शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर नोंद गेली तर हा वाद बराचसा मिटतो. ट्रॅक्टरवाला पैसे देईल ते याच गोष्टीचे. त्याला ॲप नको आहे, उधारी वसूल व्हायला हवी आहे.

आता समजा, नोकरीतल्या एका मुलाने हे काम हातात घेतलं. त्याने पहिल्या दिवशी कोड लिहू नये. आधी गुगल शीटवर एक साधा तक्ता करावा: तारीख, शेतकऱ्याचं नाव, मोबाईल नंबर, काम, क्षेत्र, दर, रक्कम, जमा, बाकी. एक पूर्ण हंगाम वडिलांची किंवा चुलत्यांची डायरी त्यात भरावी. ट्रॅक्टरवाल्याची डायरी बंद करू नये, दोन्ही चालू ठेवावं आणि दर रविवारी ताळा करावा. आकडे कुठे जुळत नाहीत ते बघितलं की कोणता कोड लिहायचा हे आपोआप कळतं.

पहिला घोटाळा हमखास एकर-गुंठ्याचा निघतो. डायरीत "१.२५" लिहिलेलं असतं. शहरात शिकलेला पोरगा ते सव्वा एकर धरतो, म्हणजे ५० गुंठे. पण लिहिणाऱ्याच्या मनात १ एकर २५ गुंठे असतात, म्हणजे ६५ गुंठे. रोटाव्हेटरचा दर हिशोबापुरता एकरी १,२०० रुपये धरला तर एका हिशोबाने १,५०० रुपये होतात, दुसऱ्याने १,९५०. एका नोंदीत ४५० रुपयांचा फरक! त्यात सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं, तिथला १.२५ आणखी तिसराच. म्हणून पडद्यावर क्षेत्रासाठी एकच रकाना ठेवायचा नाही. एकराचा वेगळा, गुंठ्याचा वेगळा. आत मात्र सगळं गुंठ्यात साठवायचं:

```
gunthe = acre * 40 + guntha
rakkam = gunthe * dar / 40
```

गुंठ्याच्या रकान्यात ३९ च्या वर आकडा टाकला तर ॲपने तो घेऊच नये. कोडच्या ह्या दोन ओळी कोणालाही लिहिता येतील. त्या लिहायची गरज आहे हे मात्र डायरी भरल्याशिवाय समजत नाही. बाहेरच्या कंपनीपेक्षा गावचा पोरगा सरस ठरतो तो इथे.

दुसरी चूक दराची. डिझेल वाढलं की हंगामाच्या मध्येच दर बदलतो. नवशिक्याने दर एकाच ठिकाणी साठवला असेल तर तो बदलल्यावर जुनी बिलंही नव्या दराने दिसायला लागतात. जूनमध्ये १,२०० ने केलेलं काम ऑक्टोबरमध्ये १,३०० ने दाखवलं तर शेतकरी ट्रॅक्टरवाल्यालाच खोटा ठरवणार. म्हणून ज्या दिवशी नोंद झाली त्या दिवशीचा दर त्या नोंदीसोबतच कायम लिहून ठेवायचा.

तिसरी अडचण रेंजची. रानात नेटवर्क नसतं. ड्रायव्हर "जतन करा" दाबतो, काही हलत नाही, म्हणून आणखी दोनदा दाबतो. संध्याकाळी गावात रेंज आली की एकाच कामाच्या तीन नोंदी वर जातात. यावर इलाज असा की नोंद आधी मोबाईलमध्येच साठवायची आणि फॉर्म उघडतानाच तिला एक वेगळा नंबर मोबाईलवरच द्यायचा. तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने तो सोडून द्यायचा. नवीन फॉर्म उघडला तरच नवीन नंबर. हे तपासायचं असेल तर मोबाईल फ्लाइट मोडवर टाकावा, बटण तीनदा दाबावं, मग इंटरनेट चालू करावं. नोंद एकच दिसली तर ठीक. एकापेक्षा जास्त दिसल्या तर ते ॲप अजून कोणाच्या हातात देऊ नये.

मेसेज पाठवायचा कसा, यात पैसे वाया जाऊ शकतात. धंद्यासाठी आपोआप एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या नियमाप्रमाणे आधी डीएलटीवर नोंदणी करावी लागते आणि मेसेजचा नमुनाही मंजूर करून घ्यावा लागतो. दहा गिऱ्हाइकांसाठी हा उपद्व्याप परवडत नाही. व्हॉट्सॲपची साधी लिंक मात्र फुकट आहे:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=...
```

ॲप ही लिंक तयार करतं, त्यात मोबाईल नंबर आणि मजकूर भरतं. ट्रॅक्टरवाल्याने बटण दाबलं की त्याच्याच व्हॉट्सॲपमध्ये मेसेज लिहिलेला दिसतो: "आज रोटाव्हेटर, १ एकर २५ गुंठे, दर १,२००, रक्कम १,९५०, मागील बाकी धरून एकूण ४,४५०." पाठवा हे बटण तो स्वतः दाबतो. मेसेज ओळखीच्या नंबरवरून जातो, त्यामुळे शेतकरी तो वाचतो. काही चुकलं असेल तर त्याच दिवशी फोन येतो, सहा महिन्यांनी नाही.

प्ले स्टोअरवर जायची घाई नको. तिथल्या खात्याला एकदा २५ डॉलर भरावे लागतात. शिवाय नवीन वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. त्यापेक्षा ब्राउझरमध्ये उघडणारं आणि मोबाईलच्या मुख्य पडद्यावर चिकटवता येणारं वेब ॲप सुरुवातीला पुरेसं आहे.

आता पैशाचं. दरमहा वर्गणी हा शहरी हिशोब झाला. ट्रॅक्टरवाल्याकडे उन्हाळ्यात आणि पेरणीला काम असतं, मधले महिने ट्रॅक्टर उभा असतो. त्या महिन्यात १५० रुपये मागितले तरी त्याला जड वाटतं. हंगामाला ७५० रुपये, म्हणजे वर्षाला दोनदा, हे त्याच्या पैशाच्या चालीशी जुळतं. दहा ट्रॅक्टरवाले मिळाले तर वर्षाचे १५,००० रुपये. वेबसाइटच्या नावाचे आणि किरकोळ खर्चाचे १,००० वजा केले तर १४,००० उरतात. कोड लिहायला १२ आठवडे, दर आठवड्याला ५ तास, असे ६० तास धरा. शिकवायला आणि फोन घ्यायला दर गिऱ्हाइकामागे ४ तास, म्हणजे ४० तास. एकूण १०० तासांचे तासाला १४० रुपये पडले. एवढ्यावर नोकरी सोडायची भाषा कोणी करू नये. दुसऱ्या वर्षी कोड तयार असतो, फक्त ४० तास लागतात, तेव्हा तासाला ३५० पडतात. अर्थात दहाही जण टिकले तर!

ते टिकणार की नाही हे हंगाम संपायच्या आत कळतं. ट्रॅक्टरवाला "अमक्याची बाकी किती?" हे डायरीत बघतो की मोबाईलमध्ये, एवढं बघायचं. अजून डायरीच उघडत असेल तर तो पुढच्या हंगामात ७५० देणार नाही. त्याच्याकडे बसून कारण विचारावं. बरेचदा अक्षरं बारीक असतात, नाहीतर नाव टाईप करायला वेळ लागतो. अशा वेळी जुन्या गिऱ्हाइकांची यादी दाखवली की टायपिंग वाचतं. नवीन सोयी वाढवण्याआधी हे करावं. जुनं गिऱ्हाईक दुरुस्त करणं नवीन गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि गावात एक नाराज झाला की बातमी चावडीवर पोहोचते.

गिऱ्हाइकाची माहिती सांभाळणं हाही कामाचाच भाग आहे. कोण किती देणं लागतो हे गावात नाजूक असतं. एका ट्रॅक्टरवाल्याची यादी दुसऱ्याला दिसता कामा नये. रोज रात्री नोंदींची एक प्रत दुसरीकडे जायलाच हवी, कारण मोबाईल विहिरीत पडतो तेव्हा विचारून पडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोकरी. नेमणूकपत्रात बाहेरच्या कामाबद्दल कलम असतं, ते आधी वाचावं. विप्रोने २०२२ साली प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं, हे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. ट्रॅक्टरची डायरी ही कंपनीशी स्पर्धा नाही, तरीही कंपनीकडून लेखी परवानगी घेतलेली बरी. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे मालकाचा असतो. म्हणून कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचा कोड आणि कंपनीचा वेळ ह्या कामाला लावू नये. स्वतःच्या लॅपटॉपवर, सुट्टीच्या दिवशी लिहावं.

करही विसरू नये. फक्त सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात मात्र ही कमाई दाखवावी लागते. धंद्याचं उत्पन्न असलं की नोकरदारांचा साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-३ किंवा आयटीआर-४ भरावा लागतो. गिऱ्हाइकाकडून पैसे घेताना हाताने लिहिलेली का असेना, पावती द्यावी आणि तिची प्रत स्वतःकडे ठेवावी.