जुन्या शब्दसंग्रहाचा आवृत्तिबदल : टप्पे आणि सुसंगतता-सूची

भाषाविभागांतून गेल्या काही वर्षांत संगणकावर जे शब्दसंग्रह सिद्ध झाले, त्यांतील पुष्कळांची रचना कोणत्या ना कोणत्या तयार फ्रेमवर्कच्या आधारावर उभी आहे. असा संग्रह एकदा चालू लागला म्हणजे त्याच्या अंतरंगाकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. परंतु त्याखालचे फ्रेमवर्क बदलत राहते, आणि कालांतराने जुन्या आवृत्तीला मिळणारा पाठिंबा थांबतो. अशा वेळी संग्रह नव्या आवृत्तीवर कसा न्यावा, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञाचा राहत नाही. आवृत्ती बदलताना शब्दांच्या नोंदी जशा होत्या तशाच राहिल्या की नाहीत, हे अखेर अभ्यासकालाच ठरवावे लागते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक नमुना कल्पिता येईल. एका बोलीशब्दसंग्रहाची बांधणी २०१७ मध्ये जँगो १.११ या फ्रेमवर्कवर व पायथॉन २.७ या भाषेत झाली असून नोंदी पोस्टग्रेस या विदागारात आहेत. पायथॉन २.७ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला आणि जँगो १.११ चा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षाविषयक दोषांची दुरुस्ती या आवृत्तीसाठी होत नाही. संग्रह जँगो ५.२ वर न्यावयाचा आहे. या आवृत्तीचा पाठिंबा एप्रिल २०२८ पर्यंत जाहीर झालेला आहे.

थेट उडी मारून जुने काढावे व नवे बसवावे, असा मोह येथे होतो. तसे केल्यास भाषा, फ्रेमवर्क आणि सोबतच्या लायब्ऱ्या एकाच वेळी बदलतात, व एखादी गोष्ट बिघडली तर तिचे कारण कोणत्या बदलात आहे हे वेगळे काढता येत नाही. याहून मोठी अडचण दुसरी आहे. आवृत्तिबदलातील काही बिघाड बोलके असतात : कार्यक्रम थांबतो आणि चुकीची ओळ दाखवितो. काही मात्र मूक असतात : कार्यक्रम सुरळीत चालतो, पण त्याचे उत्तर बदललेले असते. बोलके बिघाड टप्प्यांमुळे सुटे होतात. मूक बिघाड पकडण्यासाठी सूची लागते.

मार्गाची आखणी

जँगोच्या काही आवृत्त्यांना दीर्घकालीन पाठिंबा असतो. १.११, २.२, ३.२, ४.२ व ५.२ या त्या आवृत्त्या होत. एखादी सोय काढून टाकण्यापूर्वी फ्रेमवर्क तिच्याविषयी आधी सूचना देऊ लागते, आणि जी संहिता एका दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्तीवर अशा सूचनांविना चालते, तिला पुढच्या दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्तीवर काढून टाकलेली सोय सहसा आडवी येत नाही. यास्तव प्रवासाचे मुक्काम हेच ठेवावेत. पूर्वसूचनेवाचून केलेले काही बदलही असतात. ते प्रत्येक आवृत्तीच्या प्रकाशन-टिपणात स्वतंत्रपणे दिलेले असतात, म्हणून मधल्या आवृत्त्यांची टिपणेही वाचावी लागतात.

दुसरे सूत्र असे की भाषा व फ्रेमवर्क एकाच टप्प्यात कधीही बदलू नयेत. शेजारच्या कोणत्याही दोन मुक्कामांना मान्य असलेली पायथॉनची एक तरी आवृत्ती सापडतेच. ती आधी गाठावी आणि मग तिच्यावर उभे राहून फ्रेमवर्क बदलावे. प्रस्तुत नमुन्यासाठी क्रम असा येतो :

१. जँगो १.११ कायम, पायथॉन २.७ वरून ३.६.
२. पायथॉन ३.६ कायम, जँगो १.११ वरून २.२.
३. जँगो २.२ कायम, पायथॉन ३.६ वरून ३.९.
४. पायथॉन ३.९ कायम, जँगो २.२ वरून ३.२.
५. पायथॉन ३.९ कायम, जँगो ३.२ वरून ४.२.
६. जँगो ४.२ कायम, पायथॉन ३.९ वरून ३.१२.
७. पायथॉन ३.१२ कायम, जँगो ४.२ वरून ५.२.

प्रत्येक मुक्कामी त्या आवृत्तीची शेवटची दुरुस्त प्रत घ्यावी. जँगो २.२ ला पायथॉन ३.९ चालते ते २.२.१७ पासून पुढे; आरंभीची प्रत घेतल्यास तिसरा टप्पा निराधार ठरतो. विदागाराचीही किमान आवृत्ती पाहावी लागते. जँगो ४.२ ला पोस्टग्रेस १२ व जँगो ५.२ ला पोस्टग्रेस १४ लागते. तेथील बदल हा फ्रेमवर्कच्या बदलापूर्वीचा स्वतंत्र टप्पा समजावा.

पहिल्या टप्प्यापूर्वी

जुनी व्यवस्था चालू असतानाच दोन गोष्टी करावयाच्या. पहिली म्हणजे सूचना ऐकणे. त्या एरवी दडलेल्या असतात. पुढील आज्ञेने त्या दिसू लागतात :

```
python -Wa manage.py test
```

नमुन्यातील प्रत्येक शब्द एखाद्या गावाशी जोडलेला आहे, आणि गावाची नोंद पुसली तर तिच्या शब्दांचे काय करावे हे संहितेत लिहिलेले नाही. १.११ मध्ये अशा वेळी ते शब्दही पुसले जात, आणि हे न लिहिता गृहीत धरले जाई. २.० पासून ते स्पष्ट लिहावे लागते. म्हणून १.११ वरच, मॉडेलमध्ये व जुन्या मायग्रेशन-फायलींतही, `on_delete=models.CASCADE` असे लिहावे. गाव पुसले तरी शब्द राहावेत असे विभागाला वाटत असेल तर ती इच्छा रास्त आहे. तथापि ती या प्रवासात आणू नये. आवृत्तिबदल आणि वर्तनबदल एकत्र केले की कोणता फरक हेतुपूर्वक केला व कोणता अनवधानाने झाला, हे ओळखता येत नाही.

दुसरी गोष्ट साक्षीनमुने तयार करण्याची. जुन्या व्यवस्थेची उत्तरे फाइलीत उतरवून ठेवावीत : प्रत्येक तक्त्यातील नोंदींची संख्या, प्रत्येक आद्याक्षराखालील शब्दांची संख्या, क्रमवारीतील पहिले दोनशे शब्द, आणि नेहमीच्या दहा शोधांचे निकाल. प्रत्येक टप्प्यानंतर हीच फाइल पुन्हा तयार करून जुनीशी ताडून पाहावी. उत्तर बरोबर आहे की नाही, हा प्रश्न येथे नाही; ते पूर्वीसारखे आहे की नाही, एवढेच पाहावयाचे.

एका मूक बिघाडाची चिकित्सा

देवनागरी मजकुराच्या दृष्टीने पहिला टप्पा सर्वांत नाजूक होय. पायथॉन २ मध्ये साध्या अवतरणचिन्हांतील मजकूर म्हणजे बाइटांची माळ असे. पायथॉन ३ मध्ये तो युनिकोड वर्णांची माळ असतो. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट व्यापतो. हे जाणणाऱ्या एखाद्या संहिताकाराने आद्याक्षर काढण्यासाठी असे लिहिलेले असते :

```python
def adyakshar(shabda):
    return shabda.encode('utf-8')[:3]

if adyakshar(s) == 'क':
    gat.append(s)
```

पायथॉन २.७ मध्ये तुलनेच्या दोन्ही बाजूंना तेच तीन बाइट असतात, म्हणून ‘कणगी’, ‘कासरा’ इत्यादी शब्द योग्य गटात पडतात. पायथॉन ३.६ मध्ये डावीकडे बाइट आणि उजवीकडे वर्ण असतो. ही दोन भिन्न जातींची मूल्ये ठरतात, तुलना असत्य होते, आणि कोणतीही चूक न दाखविता ‘क’चे पान रिकामे उघडते. ज्या चाचणीत केवळ पान उघडते की नाही एवढेच पाहिले आहे, ती चाचणी येथे उत्तीर्ण होईल.

साक्षीनमुन्यात मात्र ‘क’खालील संख्या शून्य दिसते आणि दोष उघड होतो. त्याची जागा शोधण्यासाठी पायथॉन ३ मध्ये `-bb` हा पर्याय आहे. तो दिला असता बाइट व वर्ण यांची तुलना होताच कार्यक्रम चूक दाखवून थांबतो. म्हणजे मूक बिघाड बोलका होतो. अर्थात चाचणी ज्या ओळीपर्यंत पोहोचतच नाही, तेथे हा उपाय चालत नाही.

दुरुस्ती जुन्या घरातच करावी. फाइलीच्या आरंभी `from __future__ import unicode_literals` ही ओळ घालून `return shabda[:1]` असे लिहिले की संहिता पायथॉन २.७ आणि ३.६ या दोहोंत सारखीच चालते. ती आधी २.७ वर साक्षीनमुन्याशी ताडावी व मगच भाषा बदलावी. या रीतीने ‘क्षमा’ हा शब्द पूर्वीप्रमाणेच ‘क’खाली पडेल. कोशाच्या परंपरेप्रमाणे ‘क्ष’ शेवटी हवा असल्यास ती स्वतंत्र सुधारणा होय, आणि तिचा क्रम सातव्या टप्प्यानंतरचा.

हाच भेद मायग्रेशन-फायलींतही लपलेला असतो. पायथॉन २ ने तयार केलेल्या फायलींत पर्यायांची नावे `b'deshi'` अशी बाइटरूपाने आढळतात. पायथॉन ३ वर फ्रेमवर्कला मॉडेल बदलल्याचा भास होतो. त्याची परीक्षा अशी :

```
python manage.py makemigrations --check --dry-run
```

`No changes detected` हे उत्तर न आल्यास, आणि दाखविलेला फरक केवळ या बाइटचिन्हाचा असल्यास, जुन्या फायलींतील ते `b` काढावे. विदागाराला हात लावण्याचे कारण नाही.

सूचीचे स्वरूप

सुसंगतता-सूचीत प्रत्येक घटकाला एक ओळ व प्रत्येक ओळीला पाच रकाने असावेत : घटक, सध्याची आवृत्ती, पुढील मुक्कामी चालणारी आवृत्ती, पुरावा, आणि परतीचा मार्ग. पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या psycopg2 या लायब्ररीचे उदाहरण घेता येईल. तिची २.९ ही आवृत्ती जँगो २.२ शी जुळत नाही. जोडणीची कालव्यवस्था यूटीसी नसल्याची चूक येऊन काम थांबते. म्हणून तिसऱ्या टप्प्यापर्यंत २.८.६ बांधून ठेवावी व ३.२ वर पोहोचल्यानंतर २.९ घ्यावी. ज्या लायब्ररीची पुढच्या मुक्कामाला चालणारी आवृत्तीच निघालेली नाही, तिची ओळ रिकामी राहते. अशी ओळ असेपर्यंत टप्पा सुरू करू नये. आधी त्या लायब्ररीला पर्याय शोधावा.

पुरावा या रकान्यात ‘चालते’ हा शब्द पुरेसा नाही. कोणती चाचणी, कोणता साक्षीनमुना आणि कोणत्या दिवशी ताडला, हे तेथे यावे.

परतीच्या रकान्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. संग्रहाची स्वतःची संहिता न बदलताही फ्रेमवर्क विदागार बदलते : जँगो २.० मध्ये वापरकर्त्याच्या आडनावाची मर्यादा ३० वरून १५० वर्णांवर गेली. २.२ वरून १.११ वर परतावयाचे तर आधी २.२ वरूनच `python manage.py migrate auth 0008_alter_user_username_max_length` ही आज्ञा द्यावी लागते. मधल्या काळात तीस वर्णांहून लांब आडनाव नोंदले गेले असेल तर ही परतही बिनधोक राहत नाही. यासाठी प्रत्येक टप्प्यापूर्वी विदागाराची पूर्ण प्रत घ्यावी, आणि ती दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उभी करून पाहावी. एक टप्पा नित्य वापरात काही दिवस राहिल्यावरच पुढचा हाती घ्यावा.

या पद्धतीची मर्यादा साक्षीनमुन्याच्या निवडीत आहे. जो शोध नमुन्यात घेतला नाही, त्याचे उत्तर बदलले तरी सूची ते सांगू शकत नाही. संग्रहात कोणते प्रश्न नित्य विचारले जातात आणि कोणत्या उत्तरांवर पुढील संशोधन अवलंबून आहे, हे संहिताकाराला ठाऊक नसते. म्हणून साक्षीनमुन्यांची यादी संग्रहाचा वापर करणाऱ्या अभ्यासकानेच करावयाची असते.