खिडकी बंद केली म्हणजे खाते बंद झाले असे नव्हे!

शेतकरी बंधूंनो, हंगामाच्या तोंडावर तालुक्याच्या सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. कुणाला पीकविम्याचा अर्ज भरायचा असतो, कुणाला मुलाने पाठवलेल्या कागदाची प्रिंट हवी असते. त्यासाठी आपण केंद्रातल्या संगणकावर आपला जीमेल उघडतो, प्रिंट काढतो, वरच्या कोपऱ्यातली फुली दाबतो आणि एसटी गाठतो. काम संपले असे आपल्याला वाटते. पण खाते तिथे तसेच उघडे राहिलेले असते.

असे का होते, ते आधी समजून घ्या. तुम्ही पासवर्ड टाकला की जीमेल त्या संगणकाच्या ब्राऊझरमध्ये एक छोटी खूण ठेवून देते. तिला कुकी म्हणतात. बाजार समितीच्या फाटकावर एकदा पावती मिळाली की आत फिरताना पुन्हा कोणी विचारत नाही, तसेच हे आहे. फुली दाबल्याने खिडकी मिटते, पावती मात्र तिथेच राहते. दुसऱ्या दिवशी त्याच संगणकावर कोणी जीमेल उघडले, तर पासवर्ड न विचारता तुमचीच टपाल पेटी उघडते. संगणक बंद करून चालू केला तरी फरक पडत नाही.

टपाल वाचले तर वाचले, त्यात काय एवढे, असे म्हणू नका. बऱ्याच संकेतस्थळांवर पासवर्ड विसरला असे सांगितले की नवा पासवर्ड ठरवायचा दुवा ईमेलवरच येतो. म्हणजे ज्याच्या हाती तुमचा ईमेल, त्याच्या हाती तुमच्या बाकीच्या कुलपांच्या किल्ल्याही जाऊ शकतात.

एक उदाहरण पाहू

समजा, पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने तुम्हाला बँक पासबुकाची आणि आधार कार्डाची पीडीएफ ईमेलने पाठवली. तुम्ही केंद्रात गेलात. तिथे बहुधा क्रोम नावाचा ब्राऊझर असतो. पासवर्ड टाकल्यावर एक चौकट येते, तिच्यात 'Save password?' असे विचारलेले असते. गर्दीच्या घाईत 'Save' दाबले जाते. मग फाईल उतरवून घेता, प्रिंट काढता आणि निघता. एवढ्या वेळात तुमच्या तीन गोष्टी मागे राहिल्या: उघडे खाते, साठवलेला पासवर्ड आणि आधारची फाईल. एक पुसले म्हणजे दुसरे पुसले जात नाही. तिन्ही वेगवेगळ्या पुसाव्या लागतात.

पहिले काम खाते बंद करण्याचे. जीमेलमध्ये वर उजवीकडे तुमच्या फोटोचे किंवा नावाच्या अक्षराचे गोल चिन्ह असते. ते दाबा आणि 'Sign out' निवडा. त्यानंतरच्या पानावर तुमचा ईमेल पत्ता दिसत राहतो. तोही काढायचा असेल तर तिथेच 'Remove an account' आहे. आता पडताळा घ्या. जीमेल पुन्हा उघडा. पासवर्ड मागितला तर खाते बंद झाले. पासवर्डाच्या जागी काळे ठिपके आपोआप भरलेले दिसले, तर पासवर्ड साठवला गेला आहे असे समजा.

दुसरे काम साठवलेला पासवर्ड काढण्याचे. क्रोमच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत हे टाका:

```
chrome://password-manager/passwords
```

यादी येईल. तिच्यात फक्त आपली नोंद उघडून 'Delete' दाबा. संगणकाने पिन मागितला तर केंद्रचालकाला टाकायला सांगा. इथे एक मेख आहे. तो ब्राऊझर केंद्रचालकाच्या गुगल खात्याला जोडलेला असेल, तर तुमचा पासवर्ड त्याच्या खात्यात आणि तिथून त्याच्या मोबाईलमध्येही गेलेला असू शकतो. चालक भला माणूस असेलही, पण त्याचा मोबाईल उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती पडू शकतो. म्हणून चुकून 'Save' दाबले गेले असेल, तर घरी येताच आपल्या फोनवरून पासवर्ड बदलून टाका. मग जुना कुठेही पडून राहिला तरी उपयोगाचा राहत नाही.

तिसरे काम फाईलचे. 'Ctrl' आणि 'J' एकदम दाबले की उतरवलेल्या फायलींची यादी येते. फाईल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जाऊन तिच्यावर एकदा टिचकी द्या आणि 'Shift' धरून 'Delete' दाबा. नुसते 'Delete' दाबले तर फाईल कचरापेटीत जाते आणि तिथून कोणीही परत काढू शकतो.

आधीच काळजी घेतली तर

यापेक्षा सोपी वाट आहे. काम सुरू करण्यापूर्वी 'Ctrl', 'Shift' आणि 'N' एकदम दाबा. काळसर रंगाची 'Incognito' खिडकी उघडेल. तिच्यात केलेले काम, तशा सगळ्या खिडक्या बंद करताच पुसले जाते. खातेही बंद होते. मात्र उतरवलेली फाईल राहतेच, ती वरच्या रीतीने काढावी लागते. आणखी एक ध्यानात ठेवा. संगणकात कळफलकावरची प्रत्येक अक्षरे टिपणारा प्रोग्रॅम कोणी बसवलेला असेल, तर यातल्या कशाचाच उपयोग नाही. म्हणून बँकेचा व्यवहार दुसऱ्याच्या संगणकावर करूच नका.

विसरून घरी आलात तर?

घाबरू नका, बसल्या जागी खाते बंद करता येते. फोनमध्ये गुगल खात्याच्या सुरक्षेच्या भागात, म्हणजे 'Security' मध्ये, 'Your devices' आहे. तिथे खाते कुठे कुठे उघडे आहे त्याची यादी असते. केंद्राचा संगणक बहुधा 'Windows' या नावाने दिसेल. तो निवडून 'Sign out' करा. व्हॉट्सॲप संगणकावर जोडले असेल, तर फोनवरच्या व्हॉट्सॲपच्या तीन ठिपक्यांत 'Linked devices' उघडा. ओळखीचे नसलेले नाव दाबून 'Log out' करा.

ग्रामपंचायतीच्या मंडळींसाठी

पंचायतीत संगणक एक आणि बसणारे चार. ग्रामसेवकाचे लॉगिन, संगणक चालकाचे लॉगिन, कधी सरपंचांचा ईमेल, सगळे एकाच ब्राऊझरमध्ये साठलेले असते. उद्या चुकीच्या नोंदीवर चौकशी लागली, तर ज्याचे लॉगिन त्याचे नाव पुढे येते. 'मी त्या दिवशी रजेवर होतो' हे पटवणे अवघड जाते. यावर उपाय बिनखर्चाचा आहे. विंडोजच्या 'Settings' मध्ये 'Accounts' या भागात प्रत्येकासाठी वेगळे खाते आणि वेगळा पासवर्ड करून घ्या. जागेवरून उठताना विंडोजचे बटण आणि 'L' दाबले की पडदा कुलूपबंद होतो. आणि कोणाची बदली झाली, तर कार्यभार देता-घेताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर साठवलेल्या पासवर्डांची यादीही उघडून बघा. गेलेल्या माणसाची नोंद त्याच्यासमोर काढा, आणि कार्यालयाच्या खात्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदला.

एवढे करूनही खात्यातून पैसे गेल्याचे लक्षात आले, तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जेवढ्या लवकर कळवाल, तेवढी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.