खोबरेल तेल : फोडणीतले आणि चमच्यातले

सकाळी अनशापोटी दोन मोठे चमचे खोबरेल घेतल्यास कोलेस्टेरॉल उतरते, असे ऐकून आलेले रुग्ण आपणा सर्वांनाच भेटतात. सिंधुदुर्गातील असेच एक बावन्न वर्षांचे गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खोबरेलाचीच फोडणी. चौघांना महिन्याला दीड लिटर तेल लागे, म्हणजे माणशी दिवसाला सुमारे बारा मिलिलिटर. त्यावर त्यांनी रोज तीस मिलिलिटर कच्चे तेल सुरू केले. तीन महिन्यांत एलडीएल १२८ वरून १४६ वर गेले, वजनही दीड किलोने वाढले. बाकीचा आहार व औषधे तीच होती. वरचे तेल बंद केल्यावर आठ आठवड्यांनी एलडीएल १३० आले.

कारण सरळ आहे. खोबरेलात आठ-नऊ दशांश भाग संपृक्त स्निग्धाम्ले असतात. तीस मिलिलिटरमध्ये ती सुमारे २३ ग्रॅम भरतात. दोन हजार कॅलरींच्या आहारात दिवसभरासाठी २२ ग्रॅमची मर्यादा सांगितली जाते. ती न्याहारीपूर्वीच ओलांडली गेली. फोडणीत खोबरेल दुसऱ्या तेलाच्या जागी येते, चमच्यातले मात्र वरची भर असते. तेल कच्चे आहे की तापवलेले, यापेक्षा हा भेद मोठा.

‘मध्यम साखळीची स्निग्धाम्ले चरबी होत नाहीत’ हा युक्तिवाद ज्या प्रयोगांवर उभा आहे, त्यांत बहुधा वेगळे काढलेले तेल वापरले होते. खोबरेलातील निम्मा भाग लॉरिक आम्लाचा. त्याचे शोषण बरेचसे दीर्घ साखळीच्या आम्लांप्रमाणेच होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केरळात हृद्रोग्यांवर दोन वर्षे झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वयंपाकासाठी खोबरेल व सूर्यफूल तेल वापरणाऱ्या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ते रुग्ण प्रचलित औषधोपचारांवर होते. उलट २०२० साली अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सुमारे दहा, तर एचडीएल सुमारे चार एककांनी वाढलेले दिसले. केवळ एचडीएल वाढल्याने हृद्रोग टळतो, असे मात्र औषधांच्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही.

शास्त्राच्या आधारावर कोणी स्नेहपानाचा दाखला देईल. पण शोधनपूर्व स्नेहपान अग्नी पाहून, तीन ते सात दिवसांच्या मर्यादेत असते. गुरु, स्निग्ध द्रव्य मेदस्वी व मंदाग्नी रुग्णाला महिनोन्‌महिने देण्याला तो आधार लागू होत नाही.

म्हणून आमचे मत असे : कोकणी घरातील फोडणी माफक असेल तर ती मोडू नये. कच्चे चमचे कोलेस्टेरॉलसाठी सुचवू नयेत आणि औषधालयांनी तशी पाटी लावून तेल विकू नये. रुग्ण आधीच घेत असल्यास ते थांबवून आठ आठवड्यांनी पुन्हा रक्ततपासणी करावी. त्याची चालू औषधे मात्र तेलाच्या भरवशावर कधीही बंद करू नयेत.