ओळ आणि कॉलम जिथे भेटतात

पार्सलच्या ऑफिसात भिंतीला दरपत्रक लावलेलं असतं. डावीकडे गावांची नावं आणि वर वजनं. कारकून एक बोट गावावर ठेवतो, दुसरं वजनावर, आणि दोन्ही बोटं जिथे भेटतात तो दर पावतीवर लिहितो. एक्सेलमध्ये हेच काम एका सूत्राने होतं. पण कारकुनाचं बोट घसरलं तर ते त्याला दिसतं. सूत्राचं बोट घसरलं तर ते बहुतेक वेळा कोणालाच दिसत नाही, म्हणून सूत्र आतून कसं चालतं हे माहीत असायला हवं.

समजण्यापुरते आकडे धरून एक छोटं दरपत्रक घेऊ. A1 हा सेल रिकामा आहे. पहिल्या ओळीतली वजनं किलोमध्ये आहेत आणि प्रत्येक आकडा म्हणजे ‘इथपासून पुढे’.

```
            0    5   10   20
कऱ्हाड      50   75  115  180
कोल्हापूर   60   90  140  220
सांगली      60   85  135  210
सोलापूर     65   95  150  240
```

G2 मध्ये गाव लिहायचं, H2 मध्ये वजन, आणि शेजारी हे सूत्र:

```
=INDEX($B$2:$E$5, MATCH(G2,$A$2:$A$5,0), MATCH(H2,$B$1:$E$1,1))
```

`MATCH` दर शोधत नाही, तो फक्त कितवा क्रमांक ते सांगतो. सांगली गावांच्या यादीत तिसरी, म्हणून 3. वजन 12 किलो असेल तर 10 चा कॉलम लागू होतो. तोही तिसरा, म्हणून पुन्हा 3. `INDEX` मग दरांच्या चौकोनातली तिसरी ओळ आणि तिसरा कॉलम बघून 135 आणून देतो. `VLOOKUP` वापरणारे कॉलमचा क्रमांक बहुधा हाताने लिहितात, आणि मध्ये कोणी नवा कॉलम घातला की तो क्रमांक चुकीच्या जागी बोट दाखवू लागतो. इथे दोन्ही क्रमांक नावावरून ठरतात, त्यामुळे ही भीती नाही.

खरी मेख शेवटच्या 0 आणि 1 मध्ये आहे. 0 म्हणजे तंतोतंत जुळलं तरच घे. 1 म्हणजे तेवढंच नसेल तर त्याच्या आतलं सर्वांत मोठं घे. वजनाला 1 हवाच, कारण 12 नावाचा कॉलम नाही. त्यासाठी वजनं चढत्या क्रमाने लावलेली हवीत आणि ती खरी संख्या हवीत. ‘10 किलो’ असं टाइप केलं की तो मजकूर झाला. गावाला मात्र 0 च हवा. तो लिहायचा राहिला तर एक्सेल आपणहून 1 धरतं. मग सातारा टाकून बघा. सातारा यादीत नाही, तरी उत्तर येतं 135, कारण अकारविल्हे साताऱ्याच्या लगेच आधी सांगली आहे. साताऱ्याच्या गिऱ्हाइकाकडून सांगलीचा दर घेतला जातो. 0 असता तर `#N/A` दिसलं असतं, आणि तेच योग्य उत्तर आहे. म्हणून `IFERROR` लावून ही खूण झाकून टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक याहून गुपचूप होते. गावांचा पट्टा `$A$2:$A$5` ऐवजी `$A$1:$A$5` लिहिला गेला, तर रिकामा A1 सुद्धा मोजला जातो. सांगली चौथी ठरते आणि दर सोलापूरचा लागतो, 150. पंधरा रुपयांचा फरक, आणि तो कोणाच्या नजरेत भरत नाही. सोलापूर टाकलं तर मात्र पाचवी ओळ मागितली जाते, चौकोनात चारच आहेत, आणि `#REF!` येतं. सूत्र तयार झालं की पहिलं आणि शेवटचं गाव घालून बघायचं ते यासाठी. आतली गावं ही चूक दाखवत नाहीत.

देवनागरीत लिहिणाऱ्यांची एक खास अडचण कऱ्हाडला येते. ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे, त्यामुळे जुळणी फसू शकते. गाव डोळ्यांसमोर असून `#N/A` आलं, तर दोन्ही सेलवर `LEN` चालवा. पहिल्या तऱ्हेचं कऱ्हाड 6 भरतं, दुसऱ्या तऱ्हेचं 7. नावामागे चुकून पडलेली स्पेसही अशीच पकडता येते. यावरचा सोपा उपाय म्हणजे G2 मध्ये गाव टाइपच करू द्यायचं नाही. डेटा व्हॅलिडेशनमधून `$A$2:$A$5` ची यादी तिथे जोडायची, म्हणजे दरपत्रकातलंच नाव निवडलं जातं.