‘सर, यातलं आधी कोणतं?’

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम कारखान्याचा अकाउंट्स विभाग घेऊ. सप्टेंबर महिना, टॅक्स ऑडिटची धावपळ, सोमवार, ८ तारीख. सर टेबलापाशी येतात आणि म्हणतात, “ऑडिटरना चाळीस सप्लायरची लेजर जुळवून हवी आहेत. गुरुवारी संध्याकाळपर्यंत देऊन टाक.” समोरची एक्झिक्युटिव्ह बहुधा “हो सर” म्हणते आणि सर गेल्यावर कपाळाला हात लावते. कारण त्याच गुरुवारी, ११ तारखेला, जीएसटीआर-१ भरायची मुदत संपते.

अशा वेळी दोनच उत्तरं असतात, ‘हो’ म्हणून मरेस्तोवर राबायचं किंवा ‘नाही’ म्हणून वाईटपणा घ्यायचा, असा समज ऑफिसाऑफिसांत पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात कामाला नकार द्यायची गरजच नसते. हातात असलेले तास, अंगावर असलेली कामं आणि नव्या कामाला लागणारा वेळ समोर मांडून कोणतं मागे ठेवायचं एवढंच विचारायचं असतं. तो निर्णय साहेबांचा असतो, आणि त्यासाठीच त्यांना पगार मिळतो.

पण त्यासाठी आकडे हवेत. ‘खूप काम आहे सर’ हे वाक्य साहेब दिवसातून चार जणांकडून ऐकतात, त्यामुळे ते कानावरूनच जातं. वरच्या उदाहरणातली आकडेमोड कागदाच्या पाठीवर मावेल एवढी आहे. सोमवार ते गुरुवार चार दिवस. ड्युटी आठ तासांची असली तरी फोन, सह्या आणि ‘जरा हे बघ ना’ वजा जाता सलग कामाचे सहा तास धरावेत, म्हणजे एकूण चोवीस. जीएसटीआर-१ साठी विक्रीची बिलं खात्याशी जुळवणं, क्रेडिट नोटा आणि एचएसएनचा गोषवारा यांत दहा तास जातील. सप्लायरच्या पेमेंटची फेरी पाच तास. रोजच्या बँक नोंदी दीड तासाप्रमाणे चार दिवसांचे सहा तास. झाले एकवीस. उरले तीन. आणि एका लेजरला वीस मिनिटं धरली, तर चाळीस लेजरना तेरा तास वीस मिनिटं लागतात. म्हणजे सुमारे दहा तासांची तूट.

‘थोडं थांबून करून टाकू’ हा दुसरा गैरसमज इथे उघडा पडतो. चार दिवसांत दहा तास म्हणजे रोज अडीच तास जादा, तेही सगळं सुरळीत पार पडलं तर. आणि तसं ते सहसा पार पडत नाही. कॅनडातल्या रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल, असं विचारलं होतं. सरासरी अंदाज निघाला सुमारे ३४ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. मागच्या कामांना किती उशीर झाला होता हे ठाऊक असूनही माणूस पुढच्या कामाचा अंदाज बांधताना ते बाजूला ठेवतो. म्हणून ‘वाटतं तेवढा वेळ’ मांडू नये, मागच्या महिन्यात खरोखर लागला तेवढा मांडावा. ऑगस्टमध्ये जीएसटीआर-१ ला दहा तास लागले असतील तर सप्टेंबरमध्ये आठ लागतील, असं समजायला काही कारण नसतं.

‘साहेबांना माझ्याकडे काय काय आहे ते माहीतच आहे’ हाही एक भ्रम. साहेबांच्या हाताखाली सात-आठ जण असतात. प्रत्येकाचं मोठं काम त्यांच्या लक्षात असतं, पण रोजच्या बँक नोंदींचे सहा तास कुणाच्याच लक्षात नसतात. शिवाय कुठलं काम मागे पडलं तर काय बिघडतं, याची बारीक माहिती बऱ्याचदा काम करणाऱ्याकडेच असते. जीएसटीआर-१ चंच पाहा. उशिराची फी हा त्यातला किरकोळ भाग. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्या कंपनीचं ते ११ तारखेला गेलं नाही, तर १४ तारखेला ग्राहकाच्या जीएसटीआर-२बीमध्ये तिची बिलं दिसत नाहीत आणि त्या महिन्याचं त्याचं टॅक्स क्रेडिट अडकतं. मग मोठ्या ग्राहकाच्या परचेस विभागातून फोन येतो आणि पेमेंटमधली जीएसटीची रक्कम रोखून धरली जाते. साहेबांपुढे मांडायचं ते हे. आपण दमलो ते नव्हे.

मांडणी तोंडी, आणि शक्यतो त्याच सकाळी. “सर, गुरुवारपर्यंत माझ्याकडे साधारण चोवीस तास आहेत. जीएसटीआर-१, पेमेंट आणि रोजच्या नोंदींत एकवीस जातात. चाळीस लेजरना तेरा-साडेतेरा लागतील. तीन मार्ग दिसतात. सगळ्यांत मोठे नऊ सप्लायर गुरुवारपर्यंत देते, बाकीचे पुढच्या बुधवारी. किंवा पेमेंटची फेरी सोमवारवर ढकलली तर चोवीस लेजर होतील, पण ४५ दिवस भरत आलेल्या एमएसएमई सप्लायरचं पेमेंट आधी काढावं लागेल. किंवा रोजच्या नोंदी चार दिवस दुसऱ्या कुणाकडे दिल्या तर सत्तावीस होतील. यातलं काय करू?”

यात ‘जमणार नाही’ हे शब्द कुठेच नाहीत, आणि प्रत्येक मार्गाची किंमत त्याच्यासोबतच आलेली आहे. बऱ्याचदा इथेच एक मजेशीर गोष्ट घडते. सर ऑडिटरला फोन लावतात आणि कळतं, की त्याला गुरुवारी फक्त मोठी खाती हवी होती. चाळीसचा आकडा वाटेत कुठेतरी फुगलेला असतो. पण कुणी विचारल्याशिवाय तो खाली येत नाही.

‘सगळंच महत्त्वाचं आहे’ असं उत्तर आलं की पुष्कळ जण गप्प बसतात. तिथे प्रश्न आणखी बारीक करावा: “गुरुवारी संध्याकाळी एकच पूर्ण असणार असेल, तर ते कोणतं असावं?” याला ‘दोन्ही’ म्हणणं जरा अवघड जातं. तरीही तेच उत्तर आलं, तर स्वतःच एक क्रम ठरवून दोन ओळींची मेल टाकावी: ‘आधी जीएसटीआर-१ पूर्ण करते, मग लेजर, मोठ्या सप्लायरपासून. क्रम बदलायचा असल्यास आज दुपारपर्यंत सांगावे.’ ही मेल साहेबांना कोंडीत पकडण्यासाठी नाही, म्हणून तिची प्रत एचआरला पाठवू नये. पाठवली की संभाषणाचा रंगच बदलतो.

हा उपाय कुठे फसतो, तेही ठाऊक असावं. बुधवारी संध्याकाळी मांडलेला हाच हिशेब सबबीसारखा वाटतो, कारण तोवर निवडीला वावच उरलेला नसतो. आकडे फुगवले आणि साहेबांनी ते काम स्वतः कधी केलेलं असलं, तर पुढच्या वेळचा खरा आकडाही खोटा ठरतो. पाच-दहा मिनिटांच्या कामासाठी हा सगळा सोहळा करणाऱ्याचं तर हसंच होतं.

दोन साहेब असतील तर पेच वेगळाच. प्लँट हेडनं एक सांगितलं, फायनान्स हेडनं दुसरं, तर दोघांना वेगवेगळं विचारून काही हाती लागत नाही, कारण प्रत्येक जण आपलंच काम पुढे ठेवणार. तिथे तोच तासांचा तक्ता एकाच मेलमध्ये दोघांना पाठवून ‘दोन्हींची मुदत गुरुवारची आहे, आपसात ठरवून क्रम कळवावा’ असं लिहिणं जास्त उपयोगी पडतं. उत्तर सहसा आधी दोघांतल्या कनिष्ठाकडून येतं, आणि ते बहुतेकदा ‘माझं शुक्रवारी चालेल’ असं असतं.