पाचशे पॉइंटांची किंमत किती?

किराणा सुपरमार्केटच्या दारात पिवळा फलक लागलेला असतो: ‘५०० रुपयांची खरेदी करा, ५०० पॉइंट मोफत मिळवा!’ आकड्याशेजारी एक छोटी चांदणी असते. तिचा माग काढत फलकाच्या तळाशी गेलं की मुंगीएवढ्या अक्षरांतल्या चार ओळी सापडतात. आत शिरणाऱ्याच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मुलाचा हात असतो. त्या ओळी कोणी वाचत नाही. त्यांचा खरा अर्थ महिन्याभराने काउंटरवर कळतो. कॅशियर पडद्याकडे बघून म्हणतो, “ताई, तुमचे पॉइंट या बिलावर नाही चालणार.”

अशा फलकांवर नेहमी दिसणाऱ्या अटी एकत्र करून इथे एक नमुना तयार केला आहे. तो कोणत्याही एका दुकानाचा नाही, पण ओळखीचा वाटेल:

‘अटी व शर्ती लागू. सदर ऑफर पात्र सभासदांकरिता असून निवडक वस्तू वगळून व इतर सवलती वजा जाता किमान निव्वळ खरेदी रु. ५००/- असणे आवश्यक आहे. पॉइंट १५ दिवसांनंतर जमा करण्यात येतील व बिलाच्या दिनांकापासून ३० दिवस वैध राहतील. १ पॉइंट = १० पैसे. पॉइंटचा वापर किमान रु. १०००/- च्या पुढील खरेदीवर व बिलाच्या कमाल ५ टक्के मर्यादेत करता येईल. प्रति सभासद एकदाच. कंपनी कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय ऑफरमध्ये बदल करू शकते.’

या ओळी सोप्या करायच्या म्हणजे ‘सदर’च्या जागी ‘ही’ आणि ‘दिनांका’च्या जागी ‘तारीख’ लिहायची, असं अनेकांना वाटतं. शब्द बदलायला हवेतच, पण ते काम शेवटचं. सुरुवात पेन्सिलीने हिशेब करण्यापासून होते.

पॉइंट १० पैशांचा, म्हणजे ५०० पॉइंटांचे झाले ५० रुपये. ते रोख मिळत नाहीत. पुढचं बिल किमान १००० रुपयांचं झालं तरच त्यातून वजा होतात. पहिले ५०० आणि दुसरे १००० मिळून दीड हजारांच्या सामानावर ५० रुपये सुटतात. ही सूट साधारण सव्वातीन टक्के झाली. ती वाईट आहे असं नाही. किराण्यात एवढी सूटही घरखर्चाला हातभार लावते. पण फलक वाचणाऱ्याच्या मनात ५०० हा आकडा ठसलेला असतो आणि हाती त्याचा दहावा भाग येतो. म्हणून पहिली दुरुस्ती अटींत नाही, मथळ्यात करावी लागते: ‘५०० रुपयांच्या खरेदीवर पुढच्या बिलात ५० रुपये सूट’. रुपयांत आकडा दिला की पॉइंटाच्या भावाची अट आपोआप गळून पडते.

‘मोफत’ हा शब्दही जायला हवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा आणि वस्तू नेण्याचा किंवा पोचवण्याचा अटळ खर्च सोडून ग्राहकाला आणखी काही मोजावं लागत असेल, तर वस्तूला मोफत म्हणू नये, असं त्यांत सांगितलं आहे. हजाराची खरेदी केल्याशिवाय जे वापरताच येत नाही, त्याला सूट म्हणणं प्रामाणिकपणाचं.

आता तारखांकडे वळू. सावध लेखकाचं बोट इथे थांबतं. पॉइंट जमा होतात बिलानंतर १५ दिवसांनी, पण मुदतीचे ३० दिवस मोजले जातात बिलाच्या तारखेपासून. १ ऑक्टोबरला खरेदी केली तर पॉइंट १६ तारखेला येतील आणि ३१ तारखेला संपतील. फलकावर ३० दिवस आणि हातात १५. बहुतेक घरांत मोठा किराणा महिन्याच्या सुरुवातीला भरला जातो. पुढचं मोठं बिल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होईल, तेव्हा पॉइंट संपून गेलेले असतील. दोन्ही वाक्यं सुटी वाचली तर निर्दोष आहेत. ती शेजारी ठेवून खरी तारीख घातल्यावरच खोट दिसते. म्हणून अटी तपासताना एक काल्पनिक ग्राहक घ्यावा, त्याला कॅलेंडरवर चालवत न्यावं आणि प्रत्येक पायरीवर तारीख लिहावी.

पंधरा दिवस थांबवण्याला कारण आहे. तेवढ्या मुदतीत माल परत करता येतो, आणि माल परत आल्यावर दिलेली सूट वसूल करणं दुकानाला अवघड जातं. मग ते कारण सरळ सांगावं आणि मुदत पॉइंट जमा झाल्या दिवसापासून मोजावी. पण हा बदल केवळ भाषेचा नाही. त्यासाठी संगणकातली गणना बदलावी लागते आणि मालकाची संमती लागते. अटी लिहिणाऱ्याला त्यामुळे कधी कधी मालकासमोर बसून सांगावं लागतं की हे वाक्य सोपं करता येईल, पण सोपं केलं की ग्राहक चिडेल. तशा वेळी अट बदलायची, वाक्य पुन्हा धूसर करायचं नाही.

मुदत संपवण्यामागे हिशेबही असतो. न वापरलेले पॉइंट म्हणजे कंपनीच्या डोक्यावरचं देणं, आणि ते विरले की देणं उतरतं. कॅनडातल्या ‘एअर माइल्स’ या मोठ्या योजनेने २०११ मध्ये पाच वर्षांची मुदत जाहीर केली होती. त्या नियमानुसार जुने माइल्स २०१६ च्या अखेरीस बाद होणार होते. तारीख जवळ आली तसे सभासद जागे झाले, माइल्स वटवताना अडचणी येत असल्याच्या तक्रारींचा गदारोळ उठला आणि डिसेंबर २०१६ च्या सुरुवातीला कंपनीने तो निर्णय मागे घेतला. ओंटारियो प्रांताने तर केवळ काळ लोटला म्हणून पॉइंट बाद करण्याला कायद्यानेच बंदी घातली. नियम पाच वर्षं आधी जाहीर झालेला होता, तरी तो सभासदांपर्यंत पोचला नव्हता. म्हणून मुदत एकदाच फलकावर लिहून पुरत नाही. पॉइंट जमा झाल्याचा जो मेसेज जातो, त्यात शेवटची तारीख हवी आणि मुदत संपायच्या आठवडाभर आधी आठवणही हवी.

‘निवडक वस्तू वगळून’ हे शब्द काउंटरवरच्या बऱ्याच वादांचं मूळ असतात. कोणत्या वस्तू? नमुन्यातल्या दुकानात तेल, साखर, दूध आणि बाळाचं अन्न वगळलं आहे असं धरू. एखाद्याने ६४० रुपयांचं सामान घेतलं आणि त्यात १५० रुपयांचं तेल आहे. उरले ४९०. दहा रुपयांनी संधी हुकली, आणि का हुकली ते त्याला कळत नाही. चार नावं लिहायला ‘निवडक वस्तू’पेक्षा दोन-तीनच शब्द जास्त लागतात. यादी चाळीस वस्तूंची असेल, तर चालणाऱ्या वस्तूंची नावं लिहावीत. दोन्ही याद्या लांब होत असतील, तर ऑफरच गुंतागुंतीची आहे.

काही अटी मात्र विनाकारण बसलेल्या असतात. पाच टक्क्यांच्या मर्यादेचंच पाहा. बिल किमान हजाराचं हवंच आणि हजाराचे पाच टक्के म्हणजे ५० रुपये. सूटही एकदाच आणि ५० रुपयांचीच. म्हणजे या ऑफरपुरती ही मर्यादा कधीच आड येत नाही. बहुधा जुन्या फलकावरून ती तशीच उतरवली गेली असावी. ती खोडली तर दुकानाचं काही जात नाही आणि ग्राहकाचं एक ओझं उतरतं.

राहिलं ‘पूर्वसूचनेशिवाय बदल’. ब्रिटनमध्ये टेस्को या दुकान-साखळीने जानेवारी २०१८ मध्ये क्लबकार्डाच्या काही व्हाउचरांची किंमत चौपटीवरून तिपटीवर आणली आणि ते त्याच दिवसापासून लागू केलं. व्हाउचर साठवून ठेवलेले ग्राहक संतापले. काही दिवसांतच कंपनीला तो बदल जूनपर्यंत पुढे ढकलावा लागला. दुकानाला ऑफर बंद करायचा हक्क असावा, पण ज्याने आपल्या वाट्याची खरेदी केली आहे त्याची सूट शाबूत राहायला हवी.

एवढं झाल्यावर भाषेला हात घालावा. ‘जमा करण्यात येतील’ यात जमा कोण करणार ते लपतं, म्हणून ‘आम्ही जमा करू’. ‘३१ ऑक्टोबरपर्यंत’ म्हणजे तो दिवस धरून की सोडून, असा प्रश्न उरतो, म्हणून ‘३१ ऑक्टोबरला दुकान बंद होईपर्यंत’. नवा मजकूर असा होतो:

‘५०० रुपयांच्या खरेदीवर पुढच्या बिलात ५० रुपये सूट. ही ऑफर कार्डधारकांसाठी आहे आणि प्रत्येक कार्डावर एकदाच मिळेल.
१. तेल, साखर, दूध आणि बाळाचं अन्न सोडून, इतर सवलती वजा करून बिल ५०० रुपये किंवा जास्त हवं.
२. ५० रुपये आम्ही १५ दिवसांनी कार्डावर जमा करू, कारण तोवर माल परत करता येतो. तेव्हा मेसेज येईल.
३. जमा झाल्यापासून ३० दिवसांत, १००० रुपये किंवा जास्त रकमेच्या एका बिलावर ते वापरा. शेवटची तारीख मेसेजमध्ये असेल.
४. ऑफर ३१ ऑक्टोबरला दुकान बंद होईपर्यंत आहे. आम्ही ती आधी बंद केली, तरी तोवर केलेल्या खरेदीची सूट मिळेल.’

काय गाळायचं आणि काय ठेवायचं, यासाठी एकच प्रश्न पुरतो: ही अट आधी कळली असती, तर ग्राहकाने वेगळं ठरवलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर ती मथळ्याखालीच हवी. मोबाइल नंबर बदलला तर काय, कार्ड हरवलं तर काय, या गोष्टी योजनेच्या सविस्तर नियमावलीत गेल्या तरी चालतात.

मजकूर छापण्याआधी तो चार-पाच ग्राहकांना दाखवावा, पण “समजलं का?” असं विचारू नये. त्याला सगळे मान डोलावतात. “६४० चं सामान आहे, त्यात १५० चं तेल. सूट मिळेल का?” असं विचारावं. दोघांनी चुकीचं उत्तर दिलं तर चूक वाक्याची. मग तोच प्रश्न कॅशियरलाही करावा, कारण ग्राहकाला शेवटी तोच उत्तर देणार असतो.

अक्षरांचा आणि भाषेचा प्रश्न तर दुकानाच्या मर्जीवर सोडलेलाच नाही. २०२२ च्या त्याच तत्त्वांनुसार खुलासा ज्या भाषेत दावा आहे त्याच भाषेत आणि दाव्याच्याच फाँटमध्ये, सहज दिसेल असा हवा. त्याने मुख्य दाव्याला छेद देऊ नये किंवा महत्त्वाची माहिती लपवू नये. मराठीत मोठा मथळा आणि खाली बारीक इंग्रजीत अटी, ही रोज दिसणारी मांडणी त्यात बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, आणि पुन्हा तसंच केलं तर पन्नास लाखांपर्यंत.

तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवर पॉइंट नाकारले गेले, तर कॅशियरशी भांडू नका. फलकाचा मोबाइलवर फोटो काढा, बिल जपून ठेवा आणि दुकानाच्या व्यवस्थापकाकडे लेखी कारण मागा. समाधान झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतही तक्रार करता येते.